तिसऱ्या माळेचं वारं

माझ्या टेबलासमोर बसून कुणी "तो दारुड्या" म्हणालं, की मी पेन खाली ठेवून विचारायचे, "कोण?" समोरची बाई गोंधळायची. "अहो तोच, बेवडा." मी पुन्हा, "कोण?" असं दोन-तीनदा झालं की कुठे गाडी रुळावर यायची आणि ती म्हणायची, "माझा नवरा." हां, आता बोला, असं म्हणून मी पुढचं ऐकायला घ्यायचे. वॉर्डातल्या सिस्टर यावरून मला चिडवायच्या. लांबून दिसले की म्हणायच्या, आल्या आमच्या कोणबाई. मला त्याचा राग यायचा नाही. एरवी मला राग यायला फार काही लागत नाही.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेविका होते. मानसोपचाराचे डॉक्टर औषध लिहून द्यायचे आणि घरच्यांना समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. दारूचा पेशंट आला की माझी पंचाईत व्हायची ती शब्दांची. सरकारी कागदांवर 'मद्यावलंबित्व' असायचं, ते वाचताना माझीच जीभ अडखळायची. बाजारात होते ते सगळे शब्द शिव्यांच्या घरचे. मधे काहीच नाही. कुणी बरा होऊन गेला तरी लोक म्हणणार, "सुधारला." मधुमेहाची साखर आटोक्यात आली तर कुणी सुधारला म्हणतं का? एकदा वरून आम्हाला एक पोस्टर आलं. बाटलीतून शिंगंवाला राक्षस बाहेर येतोय आणि खाली बायकोपोरं रडतायत. मी ते भिंतीवरून काढलं आणि कपाटावर टाकलं. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा सांगितलं, की ओल आली होती. राक्षसाच्या चित्राखाली बसून "तुमचा माणूस आजारी आहे" असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

तर अशाच एका नवरात्रातली ही गोष्ट.

दुसऱ्या माळेच्या दिवशी नाशिक रोडहून एकाला आणलं. चाळिशीचा, कारखान्यात कामाला, कामगार वसाहतीत राहणारा. मूळ गाव वणीच्या बाजूचं. सकाळी घटासमोर बसला असताना त्याला आकडी आली आणि कपाळ पाटावर आपटलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. आमच्याकडे जखमेला टाके पडले, आणि हात बघून डॉक्टरांनी त्याला आपल्या ताब्यात घेतलं. हात थरथरत होते, अंगाला दरदरून घाम, नाडी पळत होती. बरोबर बायको होती. दारू किती, कधीपासून, शेवटची कधी, असं डॉक्टरांनी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, नवरात्रात ते घेत नाहीत, घटी बसतात.

घटी बसणं म्हणजे घरात घट बसला की त्याच्याजवळ उपास धरून राहायचं. पायात चप्पल नाही, झोपायचं जमिनीवर, रोज एक माळ चढवायची, दिवा विझू द्यायचा नाही. आणि अर्थातच दारूला शिवायचं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभर रोज पिणारा माणूस घटस्थापनेच्या सकाळपासून एकदम बंद, वर पोटात अन्नही नाही. आकडी कशामुळे आली ते आम्हा दोघांनाही कळलं. डॉक्टरांनी त्याला शांत करणारं औषध सुरू केलं. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधी आणि मगच सलाईन, हे सिस्टरना बजावलं. अशा माणसाला ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे ते प्रत्येक नव्या सिस्टरला सांगत आणि जुनीलाही पुन्हा सांगत.

बायकोशी बोलायला मी तिला बाहेर नेलं. ती फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, की उद्या सासूबाई गावाहून येतील. उद्या तिसरी माळ, उद्या यांना वारं येतं.

मी विचारलं, दरवर्षी? हो, दरवर्षी. तिसऱ्या माळेला कधी दुपारी, कधी संध्याकाळी देवी अंगात येते. अंग कापतं, घाम फुटतो, कोपऱ्यात कुणी उभं आहे त्याच्याशी बोलतात, अंथरुणावरून काहीतरी वेचून टाकतात. गल्लीतल्या बायका ओटी घेऊन येतात, पाया पडतात, प्रश्न विचारतात. पुटपुटण्यातलं एखादं नाव ऐकू आलं की ते उत्तर. मग एक-दोन दिवसांनी गाढ झोपतात आणि उठले की त्यांना काही आठवत नाही. आधी नुसता थरकाप असायचा, आता दरवर्षी जोर वाढतोय. सासूबाई म्हणतात, देवीची मर्जी वाढली.

मी ऐकत होते. दारू तुटल्यावर होणाऱ्या सगळ्यात धोक्याच्या अवस्थेचं वर्णन ती पाठ केल्यासारखं सांगत होती. पुन्हा पुन्हा अशी एकदम दारू तोडली की पुढचा झटका आधीच्यापेक्षा मोठा येऊ शकतो, हेही त्यातच होतं. फक्त तिच्या घरी त्याला हार घालत होते.

तिसऱ्या माळेला मी जरा लवकरच वॉर्डात गेले. औषध चालू असूनही तो रात्रीपासून भ्रमात गेला होता. अंगात ताप. चादरीवरच्या मुंग्या वेचत होता, चादरीवर अर्थातच काही नव्हतं. दोनदा सलाईन उपटलं आणि एकदा कॉटवरून उतरायला गेला, म्हणून सिस्टरनी दोन्ही मनगटं मऊ बँडेजने कॉटला बांधली होती. डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवून दिली होती. त्याचा परिणाम यायला वेळ होता.

तेवढ्यात त्याची आई आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात परडी, परडीत नारळ आणि हळदीकुंकू. साठी ओलांडलेली, पण चाल अशी की वॉर्डबॉय अडवायचं सोडून बाजूलाच झाला. ती कॉटजवळ आली, मुलाकडे बघितलं आणि सरळ खाली वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवलं. जखमेची पट्टी टाळून त्याचा मळवट भरला. पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटची बायको उठून आली, तिने पदर सावरून नमस्कार केला. तिच्यामागून आणखी दोघी. आमच्या पुरुष वॉर्डात भर सकाळी देवीच्या दर्शनाची रांग लागली.

मग म्हातारीचं लक्ष बँडेजकडे गेलं.

"देवीला बांधून घातलंय तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. त्या आवाजाने सिस्टर मागे सरकली.

डॉक्टर तेव्हाच राउंडला आले. हुशार माणूस, पण तोंडाने फटकळ, आणि त्या दिवशी चोवीस तास ड्युटी झालेली. रांग बघून त्यांचा पारा चढला. म्हणाले, देवी-बिवी काही नाही हो आजी, तुमच्या मुलाची दारू उतरतेय, दारुड्यांचं हे असंच होतं. सगळा वॉर्ड ऐकत होता. ज्या बाईने आत्ताच नमस्कार केला होता ती तोंडाला पदर लावून हसली.

म्हातारीने एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. परडी उचलली आणि सुनेला म्हणाली, रिक्षा बघ, आपण घरी न्यायचं.

डॉक्टर म्हणाले, न्या, सही करा आणि न्या. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, की ताप आहे, नाडी बघा, या अवस्थेत घरी नेलं तर हा माणूस हातचा जाईल, तुम्ही काहीतरी करा. मला त्यांचा इतका संताप आला होता. काडी तुम्ही लावायची आणि बादली घेऊन मी धावायचं. पण भांडायला वेळ नव्हता. सून बाहेर पडली होती आणि फाटकाबाहेर रिक्षांचा तोटा नव्हता.

मी म्हातारीला म्हटलं, आजी, न्यायचं ते न्या, मी अडवणार नाही. रिक्षा येईपर्यंत माझ्याजवळ बसा फक्त. ती बसली नाही. उभीच राहिली. मी सुनेला हाक मारून परत बोलावलं आणि दोघींना बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकाशी आणलं. तिथेही ती उभीच. मग मीही उभी राहिले.

देवी आहे की नाही, हे माझं खातं नाही, असं मी आधी सांगून टाकलं. तुमच्या देवीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. मला फक्त तुमच्या मुलाच्या अंगात काय चाललंय ते ठाऊक आहे, तेवढं सांगते.

तिने विचारलं, तो डाक्टर म्हनला तसंच ना?

मी म्हटलं, त्यांचं औषध बरोबर आहे, बोलणं चुकलं. पुस्तकी वाक्यं मनात येत होती आणि जात होती. तिच्या हातांकडे लक्ष गेलं. तळव्याला जुने, काळे पडलेले घट्टे होते. मी विचारलं, आजी, विहिरीचं पाणी ओढलंय ना तुम्ही? ती म्हणाली, जलमभर.

मग मी बोलत गेले. दारू पोटात गेली की मेंदूला जड करते, सुस्त करते. एखाद्या दिवशीचं ठीक आहे. पण रोज पडू लागली की मेंदू काय करतो? कामावर तर जायचंय, जागं तर राहायचंय, म्हणून तो उलट्या बाजूने जोर लावतो. भरलेली बादली खाली ओढते आणि तुम्ही वर ओढता, तसं. बादली मोठी होत गेली तसा तुमचा जोर वाढला. वर्षानुवर्षं. आता कुणाला बाहेरून दिसतही नाही की एवढी ओढाताण चाललीय. आणि एका सकाळी दोर तुटला, बादली गेली. तुमचं काय होईल?

"मागं पडंन. मी पडलीय तशी," म्हातारी म्हणाली. "कमरंत लय लागलं होतं."

तसंच झालंय, मी म्हटलं. घट बसला त्या सकाळी दारू एकदम बंद झाली. मेंदूचा जोर मात्र तेवढाच राहिला, त्याला लगेच सैल सोडता येत नाही, दिवस लागतात. तो मोकळा जोर अंगभर धावतो. हात कापतात, घाम येतो, झोप उडते, काहींना आकडी येते. आणि काहींना दोन-तीन दिवसांनी ताप भरतो, नसलेल्या मुंग्या दिसतात, नसलेली माणसं दिसतात. यात त्याचा काही गुन्हा नाही, मन कच्चं आहे असंही नाही. देवीसाठी बंद करायचं म्हणून त्याने केलं, मनापासून केलं. शरीर तयार नव्हतं.

ती ऐकत होती, पण मान हलली नाही. म्हणाली, वारं त्याच दिवशी कसं येतं मग? तिसऱ्या माळेलाच?

मी म्हणणार होते, की तेवढेच दिवस लागतात म्हणून. पण तिच्यासाठी तर तोच पुरावा होता ना. दरवर्षी देवी दिवस चुकवत नाही. माझं उत्तर आणि तिचं उत्तर एकाच दिवशी येत होतं, आणि मी कितीही घसा कोरडा केला तरी काय उपयोग.

तेव्हा सून बोलली. इतका वेळ ती बाकाच्या कडेला, पदराचं टोक पिळत बसली होती.

"आत्या, वैशाखात पाय मोडला होता तेव्हापन आलं होतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी ते गावी गेले असताना बांधावरून पडले. प्लास्टर घालून दवाखान्यात ठेवलं. तिथे प्यायला मिळणार कुठून? तिसऱ्या दिवशी हेच झालं, हेच वेचणं, हेच कोपऱ्यात बोलणं. तेव्हा घट नव्हता, माळ नव्हती. सासूबाईंनी देवीचा कोप म्हणून वणीच्या गडावर नारळ वाहिला होता. पुढे ती अगदी हळू म्हणाली, की रोज सकाळी दारू पडेपर्यंत त्यांना चहाचा कप धरता येत नाही. मी बशीत ओतून तोंडाला लावते. कुणाला सांगितलं नाही.

मी म्हटलं, तो सकाळचा थरकाप आणि आतलं हे, एकच आहे. ते लहान, हे मोठं.

म्हातारी खाली बसली. बाकावर नाही, जमिनीवर, भिंतीला टेकून. परडी मांडीवर घेतली. आतून तिच्या मुलाचा आवाज येत होता, कुणाला तरी तो बाजूला सरकायला सांगत होता. मग तिने मला विचारलं, "मग येवढी वर्सं मी कुनाच्या पाया पडले?"

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. या बाईच्या हातून मी देवी काढून घेत होते आणि बदल्यात काय देत होते? एक पेशंट.

"देवीच्याच पडलात, आजी," मी म्हटलं. "ती घटात होती. मुलगा शेजारी आजारी पडला होता, एवढंच."

तिने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. सुनेने सांगून ठेवलेला रिक्षावाला व्हरांड्याच्या पायरीशी येऊन विचारायला लागला, यायचंय का. म्हातारीने त्याला हाताने जा म्हणून सांगितलं.

तिने पुढे विचारलं ते फार व्यवहाराचं होतं. बांधलेलं सोडता येईल का? मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सलाईनचा हात राहू दे, दुसऱ्या हाताजवळ कुणी सतत बसणार असेल तर सोडा. सून बसली हात धरून. म्हातारी पायाशी बसली, पण पायांना हात लावला नाही. औषधाची मात्रा लागू पडत गेली. डॉक्टर दुपारी पुन्हा आले तेव्हा कॉटशी थांबून म्हणाले, आजी, सकाळी मी तसं बोलायला नको होतं. डॉक्टर लोकांकडून हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही. म्हातारीने मान हलवली आणि विचारलं, औषध काय करतंय आता? डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, गेलेल्या बादलीच्या जागी औषधाची बादली बांधलीय, तिच्यातलं पाणी थोडं थोडं सांडतंय, म्हणजे दोर न तोडता वजन कमी होईल. ते म्हणाले, हो, अगदी बरोबर, असंच. वॉर्डातून बाहेर पडताना मला म्हणाले, हे मला आधी का नाही सांगितलं?

दसऱ्यापर्यंत तो शुद्धीवर येऊन बसता झाला होता. ताप गेला, झोप लागली, जेवू लागला. मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. मला वाटत होतं, की वाऱ्याबद्दल त्याला सगळं नव्याने सांगावं लागेल. त्याने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला माहीत होतं, मॅडम. पायाच्या वेळी कंपाउंडरने सांगितलं होतं.

माहीत होतं तर पुन्हा पुन्हा घटी का बसलात, असं मी जरा तडकूनच विचारलं. जीव गेला असता. तो हाताच्या सुईच्या खुणेकडे बघत बसला.

"वर्षभर आई माझ्या हातचं पाणी घेत नाही," तो म्हणाला. "गावी गेलो की माझं ताट वेगळं. नवरात्रात ती माझ्या पाया पडते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या घरात त्याला दोनच जागा होत्या, उंबऱ्याबाहेरची आणि देवाजवळची. मधे, चार माणसांत पाटावर बसायची जागा कुणी ठेवलीच नव्हती. तिथे माझी शब्दांची सगळी खटपट मला नव्याने कळली. दारुड्या हा शब्द काढून त्या जागी देवी बसवली म्हणून माणूस काही घरात येत नाही.

घरी सोडताना दोघींना बसवून मी सगळं पुन्हा सांगितलं. यापुढे शपथ घालू नका, गडावर नेऊन पाण्यात हात घालून वदवून घेऊ नका. हा आजार उलटतो, उलटला तर कुणाचं पाप म्हणून बघू नका, इकडे घेऊन या. आणि पुन्हा पिणं सुरू झालं असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, अगदी देवीसाठीही नाही, आमच्याकडे आणून बंद करा. हे शेवटचं सांगताना मला स्वतःलाच विचित्र वाटायचं. दारू सोडवायच्या विभागातली बाई सांगते, एकदम सोडू नका. म्हातारीने विचारलं, हे देवीला चालंल का? मी म्हटलं, तुम्ही तिच्याशी बोला, तुमचं माझ्यापेक्षा जुनं आहे. त्यावर ती पहिल्यांदा हसली.

हिवाळाभर तो गोळ्या न्यायला येत होता. बरा होता. मग उन्हाळ्यात एका लग्नानंतर येणं थांबलं. मी समजले. असं होतं तेव्हा वाईट वाटतंच, कितीही वर्षं काम करा. पावसाळा सरत आला, नवरात्र जवळ आलं आणि माझ्या जिवाला घोर लागला. तो पुन्हा घटी बसणार. त्यांच्या घरचा पत्ता माझ्याकडे होता, जावं की काय असं चाललं होतं.

पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, एका सकाळी म्हातारी गावाहून येऊन त्याला घेऊन आमच्या दारात उभी. पितरपाटात लोक साधी नवी चप्पल घालत नाहीत, दवाखान्यात भरती व्हायला तर कुणी येतच नाही, वॉर्डात निम्म्या कॉट रिकाम्या असतात. मी म्हटलं, आजी, या दिवसांत? ती म्हणाली, घट बसायच्या आत बरा व्हायला पायजे ना. आजार उलटलाय. सकाळची घेऊ दिलीय मी त्याला, एकदम बंद नाय केली. हे तिने भर ओपीडीत, चारचौघांत सांगितलं आणि लोक बघायला लागले. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याच्या कपाळावर आदल्या वर्षीचा व्रण होता, आणि तो मान खाली घालून उभा होता. म्हातारीने त्याच्या पाठीला हात लावून त्याला आत ढकललं.

त्या खेपेला सगळं औषधांखाली, हळूहळू झालं. हात कापले, दोन दिवस झोप नव्हती, पण आकडी आली नाही, मुंग्या आल्या नाहीत. घटस्थापनेच्या आधी तो घरी गेला. उपास धरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि म्हातारी म्हणाली होती, त्याचा मी धरीन.

तिसऱ्या माळेला तिने मला जेवायला बोलावलं होतं. मी सहसा पेशंटच्या घरी जात नाही, पण गेले. दोन खोल्यांचं क्वार्टर, कोपऱ्यात घट, मातीतून पिवळे कोंब वर आलेले. दिव्यात तेल तो घालत होता. मी त्याच्या हाताकडे बघत होते, म्हातारीही बघत होती. थेंब बाहेर पडला नाही.

थोड्या वेळाने दारात बायका जमल्या. हातात ओट्या, नारळ, एकीच्या कडेवर तान्हं मूल. दरवर्षीसारख्या. तो त्यांना बघून उठला आणि आतल्या खोलीकडे निघाला. मला त्याचा चेहरा दिसला. वर्षातला एकच दिवस होता त्याचा, आणि तोही आता गेला होता. पुढची बाई उंबऱ्यातून आत डोकावून म्हणाली, आलं का वारं? बसलीय का देवी?

म्हातारी दाराकडे गेली. ओटी भरायची ती घटाची भरा, या आत, असं म्हणाली. बाईने त्याच्याकडे बोट केलं. मग हे कोण, असं तिने विचारलं नाही, पण ती तशी बघत होती, आणि म्हातारीने त्या बघण्याला उत्तर दिलं.

"ह्यो माझा पोरगा हाय," ती म्हणाली. "आजारी व्हता. आता औषध चालू हाय."

मग ती वळली, त्याला म्हणाली, उभा का, पाट घे. आणि आपल्या शेजारी जागा करत, तांब्या त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, मला पानी दे आधी.

त्याने ओतलं. सगळ्यांसमोर ती ते प्याली.